पाच पायऱ्यांचा कागद

माईक हातात आला की काका आधी त्यात दोनदा फुंकायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, “ऐका हो बाप्पा.” गाडीचं नाव त्यानंतर.

नियम असा की गाडीचं नाव सांगायचं, फलाटाचा नंबर सांगायचा आणि गप्प बसायचं. काकांचं तसं नव्हतं. “ऐका हो बाप्पा, यवतमाळ गाडी दोन नंबरवर लागली. पहिले म्हाताऱ्या माणसायले चढू द्या. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नका, मले इथून दिसते.” लोक हसायचे आणि रुमाल टाकायचेच. तुम्ही कधी पांढरकवड्याला नागपूरच्या किंवा आदिलाबादच्या गाडीची वाट पाहत उभे राहिला असाल, तर हा आवाज तुमच्याही कानावर पडला असेल.

मी त्याच एसटी स्थानकावर पास काढून द्यायच्या खिडकीत बसते. काकांची उद्घोषणेची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत आहे, तीही छतापर्यंत न पोचलेली. नऊ वर्षं मी त्यांना पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. त्यांचा खोकला, चहाचा घोट, ड्रायव्हर लोकांशी चाललेली थट्टा, सगळं मला भिंतीवरून कळायचं.

माझा स्वभाव मुळात घाबरट. घरातलं कोणी दहा मिनिटं उशिरा आलं की माझ्या डोळ्यांपुढे नाही नाही ते येतं. पण काकांच्या बाबतीत मी घाबरले त्याला कारण होतं. माझा मोठा भाऊ गेला. स्वतःच्या हाताने. त्याच्या आधी महिनाभर तो फार शांत होता आणि आम्ही सगळे म्हणत होतो की बरं झालं, डोकं थंड झालं याचं. ही चूक मी पुन्हा करणार नव्हते.

काका जवळच्याच एका बंजारा तांड्यावरचे. शेत मुलगा पाहायचा. बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, “पोराची याडी” म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ही याडी रोज एकच्या गाडीने डबा पाठवायची. आमच्याकडे गाड्यांबरोबर डबे येतात, शिकायला राहिलेल्या पोरांचे, दवाखान्यात पडलेल्या माणसांचे. इंजिनच्या झाकणावर फडक्यात बांधून ठेवलेले असतात आणि कंडक्टर कोणाला काही विचारत नाही. काकांच्या डब्याबरोबर निरोपही यायचा. ड्रायव्हर खिडकीतून सांगायचा, “काका, वहिनीनं सांगतलं, आज मिरची कमी टाकली, कालच्यावानी बोंबलू नका.” काका माईक चालू ठेवून उत्तर द्यायचे आणि अख्ख्या स्थानकाला त्यांच्या घरची भाजी कळायची.

एका माघ महिन्यात याडी गेली. सकाळी छातीत दुखतं म्हणाली, आणि गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. आम्ही तांड्यावर गेलो. तिथल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात, गेलेल्या माणसाचं एकेक काम आठवून. नवीन पाहुणी आली की पुन्हा पहिल्यापासून. काका दाराशी बसले होते. मला पाहून म्हणाले, “ताई, पास कोण काढून राह्यलं मंग आज?” मला तेव्हाच भावाचा शेवटचा महिना आठवला.

तेरवी आटोपून ते कामावर आले. माईकमध्ये फुंकले, “ऐका हो बाप्पा” म्हणाले. दुपारी एकची गाडी लागली तसे उठले, सवयीने ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि हात वर केला. ड्रायव्हरचा चेहरा पांढरा पडला. काका तसेच हात वर धरून उभे राहिले. मग स्वतःच हसले, “सवय हो.” दोन पावलं मागे आले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन ओक्साबोक्शी रडले. मी पळत गेले. पंधरा मिनिटांनी भिंतीपलीकडून आवाज आला. एका कंडक्टरच्या नव्या मिशीवरून त्यांची थट्टा चालली होती, आणि ती चांगली जमली होती.

हे काय प्रकरण आहे ते मला कळेना. इतकं रडणारा माणूस लगेच हसतो कसा? आणि हसणारा माणूस अर्ध्या तासाने पुन्हा का रडतो?

माझ्याकडे एक कागद होता. कधीतरी एका शिबिरात वाटलेला. त्यावर जिन्याचं चित्र आणि पाच पायऱ्या. पहिल्या पायरीवर माणूस मानतच नाही, दुसरीवर चिडतो, तिसरीवर देवाशी सौदा करतो, चौथीवर खचतो आणि पाचवीवर स्वीकारतो. वरच्या पायरीवर हात पसरून उभा असलेला एक हसरा माणूस काढला होता. मी तो कागद टेबलाच्या काचेखाली घातला आणि पेन्सिल घेऊन तयार राहिले. म्हटलं, काका कुठे पोचले ते आपल्याला कळत राहील, आणि चौथ्या पायरीवर आपण डोळ्यांत तेल घालून बसू.

काकांनी माझ्या जिन्याचं पार वाटोळं केलं. सोमवारी म्हणाले, “गेली बाई, सुटली. मीही जाईन एक दिवस.” मी पाचवीवर खूण केली. मंगळवारी भिंतीवर मूठ आपटून म्हणाले, “काहून नाही सांगतलं मले रातीच दुखून राह्यलं म्हणून? डबे भरत बसली.” म्हणजे दुसरी. बुधवारी एका दुपारी तीन पायऱ्या झाल्या, त्याही उलट्या क्रमाने, आणि चार वाजता ते भजी खात होते. माझा रबर झिजला.

खोली जरा शांत वाटली की मी स्टुलावर चढून भिंतीवरून डोकावायचे. काका मान वर न करता म्हणायचे, “ताई, मी जित्ता आहो. उतरा खाली, स्टूल मोडन.”

महिनाभरात होळी आली. घरात मरण झालेलं, म्हणून काका लेंगीच्या, म्हणजे होळीला फेर धरून गातात त्या गाण्यांना जाणार नाहीत असं आम्ही धरलं होतं. तांड्यावरच्या लोकांनी त्यांना हात धरून नेलं. ते गायले, दोन फेर नाचले आणि तिसऱ्या फेरात खाली बसून लेकरासारखे रडले. मग उठून पुन्हा फेरात शिरले. त्यांच्या मुलानेच मला हे सांगितलं, आणि सांगताना त्याला लाज वाटत होती. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

मग काका दोन वाक्यं बोलले. पहिलं असं, “सकाळी चूल पेटते न, तवा ती हाक मारते मले. साफ ऐकू येते.” आणि थोड्या वेळाने, “तिच्यापाशी जाऊन बसावं वाटते आता.” मी खिडकी बंद केली, साहेबांकडून दोघांची रजा लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी काकांना यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काका वाटभर कुरकुरत होते. “वेडा नाही मी. तुमचं मन राखाले येऊन राह्यलो.”

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी मला बाहेर बसवलं नाही, काकांनीच बसू द्या म्हटलं. डॉक्टरांनी खूप विचारलं. झोप, जेवण, काम. आणि मग सरळ विचारलं, “जीव द्यावा असं मनात येतं का?” असं कोणी तोंडावर विचारतं का? अशाने नसलेला विचारही डोक्यात यायचा. काका मात्र शांतपणे म्हणाले, “नाही बाई. मले मराचं नाही, तिले भेटाचं आहे. नातीचं जावळ आहे पुढच्या महिन्यात, मीच नसलो तर मांडीवर कोण घेईन?”

“आणि स्वतःविषयी काय वाटतं?”

“माह्याविषयी काय वाटाचं? चांगला माणूस आहो मी,” काका म्हणाले. “ती नाही, एवढंच.”

डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं नाही. हे दुःख आहे, म्हणाल्या, आजार नाही. गेलेल्या माणसाची हाक ऐकू येणं हे मागे राहिलेल्या पुष्कळ लोकांना होतं, त्यात वेड नाही. काचेखालून काढून आणलेला तो पायऱ्यांचा कागद मी पर्समधून पुढे केला. त्या हसल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं.

“या पायऱ्या आधी सांगितल्या गेल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या माणसांशी बोलून,” त्या म्हणाल्या. “मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या. हे सगळं माणसाला वाटतं हे खरं, पण एकामागून एक नाही, सगळ्यांना सगळं नाही, आणि वर पोचलं की संपलं असंही नाही. दुःख उसळून येतं आणि ओसरतं. आठवण निघाली की उसळतं. मधल्या वेळात माणूस हसतो, जेवतो, भांडतो. हळूहळू मधला वेळ वाढतो. दहा वर्षांनीही एखाद्या दिवशी ते उसळेल, आणि त्यात काही बिघडलेलं नसेल.”

“मग मी घाबरायचं कधी?” मी विचारलं.

“ओसरायचं थांबलं की,” त्या म्हणाल्या. “मधला वेळच उरला नाही, कशानेच बरं वाटेना, नातीनेही. आणि रडणं गेलेल्या बाईंसाठी राहिलं नाही, स्वतःवर आलं. ती नाही असं म्हणणारा माणूस मी कशालाच लायक नाही असं म्हणायला लागला, तर थांबू नका. दुःखाच्या पोटात नैराश्य शिरू शकतं, दोन्ही एकत्रही असतात. तेव्हा दुःखच आहे, जाईल, असं म्हणून सोडून देऊ नका. आणि विचारायला भिऊ नका. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट ज्याच्या डोक्यात असतो त्याला सुटल्यासारखं होतं.”

परतीच्या गाडीत काका म्हणाले, “शहाणी बाई आहे. गोळी नाही देली.” मी मान हलवली, पण कागद फाडला नाही, परत काचेखाली घातला. घाबरट माणसाला काहीतरी हातात लागतं.

वर्ष गेलं. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात ते पुन्हा पहिल्या दिवसासारखे रडले, मग निवळले. नातीचं जावळ झालं, तिला ते एकदा स्थानकावर घेऊन आले आणि माईकमध्ये तिचं बोबडं बोलणं सगळ्या प्रवाशांना ऐकवलं. रडण्याच्या मधलं अंतर खरंच वाढत होतं.

इथे आम्ही एक शहाणपणा केला. खरं तर मी केला. दुपारी एकला काकांचा चेहरा उतरतो हे मला बघवत नव्हतं. म्हणून मी ड्रायव्हर मंडळींना सांगितलं, एकची तांड्याची गाडी पुढे आणूच नका, मागच्या पाच नंबरला लावा, काकांना खोलीतून दिसायला नको. आणि वहिनींचा विषय त्यांच्यासमोर कोणी काढायचा नाही. सगळ्यांनी मायेने ऐकलं. डब्यावरून होणारी थट्टा गेली. भाजीचा निरोप आठवून “वहिनी असत्या तर” म्हणणारा ड्रायव्हर गप्प झाला. काकांच्या खोलीत येणारी माणसं कमी झाली, कारण काय बोलावं ते कोणाला सुचेना.

दुसरा पावसाळा सरता सरता काकांचं रडणं थांबलं. पूर्ण थांबलं. लोक म्हणाले, सावरले बुवा. मीही म्हणाले. मी काचेखालचा कागद काढला, पाचव्या पायरीवर खूण केली, या वेळी पेनने, आणि तो ड्रॉवरमध्ये टाकला. भावाच्या वेळची गोष्ट मला त्या दिवशी आठवली नाही.

मग हळूहळू भिंतीपलीकडचा आवाज बदलला. फुंकर गेली. “ऐका हो बाप्पा” गेलं. “यवतमाळ, फलाट दोन.” “वणी, फलाट तीन.” सगळे शब्द एकाच उंचीवर, मध्ये चढ नाही, उतार नाही. साहेब खूश होते, म्हणाले, आता कसं नियमाप्रमाणे चाललंय. मला वाटलं, घसा बसला असेल.

सून डबा पाठवायची, तो न उघडता परत जायचा. शर्ट खांद्यावर ढिला पडायला लागला. सकाळी मी आठला यायचे तर काका आलेले असायचे. मुलाला विचारलं तर म्हणाला, “तीन-साडेतीनले उठून बसते ताई, मंग झोपतच नाही.” सून नातीला घेऊन आली. पोरीने माईककडे हात केला. काकांनी तो तिच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. पोरगी बोलली, सगळे हसले, काका हसले नाहीत. तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी एक गाडी चुकीची सांगितली. एक आजी दुसऱ्याच गाडीत बसल्या, कंडक्टरने पुढच्या थांब्यावर उतरवून परत पाठवल्या. पूर्वी असं झालं की काका माईकवरून माफी मागायचे आणि आजीला चहा पाजायचे. या वेळी आजी स्वतः खिडकीशी येऊन “असू दे बाप्पा, होते” म्हणाल्या तरी काकांची मान वर झाली नाही. पुढचे चार दिवस तेच. “माह्याच्यानं काही होत नाही. लोकायचं नुकसान करतो मी. पहिल्यापासून असाच आहो, बेकार माणूस.”

पहिल्यापासून. हा शब्द मला लागला. हाच माणूस डॉक्टरांपुढे म्हणाला होता, चांगला माणूस आहो मी.

मी स्टुलावर चढून भिंतीवरून पाहिलं. काका खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. मी बराच वेळ तशीच उभी राहिले. स्टूल करकरलं. ते काही बोलले नाहीत. मी वर आहे हे त्यांना कळलंच नव्हतं.

मी त्यांच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि माझाच नियम मोडला. “काका, वहिनींची आठवण येते का हो?”

ते फार वेळाने बोलले, एकेक शब्द ओढत. “नाही येत ताई. काही येत नाही. तिचं तोंड समोर आणाले जातो, येत नाही. रडू येत नाही. लाकूड झालं.” मग म्हणाले, “बरं झालं ती गेली. माह्यासारख्याबरोबर काय सुख होतं तिले.” त्यांनी खिशातून खोलीच्या किल्ल्या काढल्या, गाड्यांच्या वेळा लिहिलेली स्वतःची वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. “हे तुमच्यापाशी राहू द्या. नवीन माणसाले कामी पडन.”

कोण नवीन माणूस? कोणीच येणार नव्हतं. काकांची अजून दोन वर्षं नोकरी होती.

पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारला तोच प्रश्न आता मला विचारायचा होता. मला वाटलं, हो म्हणाले तर? भावाला मी कधी विचारलं नव्हतं. तो हो म्हणेल याचीच भीती होती तेव्हाही.

“काका,” मी म्हटलं, “जीव द्यायचा विचार येतो का?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “येते,” ते म्हणाले. “रोजच येते. मी नसलो तं सगळ्यायले सोपं जाईन.” आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की मला कळलं, हे कोणीतरी विचारावं म्हणून हा माणूस किती दिवस थांबला होता.

मी त्यांना तिथे एकटं सोडलं नाही. तिथूनच मुलाला फोन केला, तिथूनच साहेबांना. दुपारची यवतमाळ गाडी दोन नंबरवर लागली होती. ती सांगायला कोणी नव्हतं. प्रवासी आपापसात विचारत होते. मी काकांचा दंड धरून त्यांना गाडीत चढवलं, खिडकीकडे बसवलं आणि स्वतः त्यांना चिकटून बसले. ड्रायव्हरने आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि गाडी काढली. वाटेत मुलगा चढला. त्याने बापाचा हात धरला तो यवतमाळ येईस्तोवर सोडला नाही. एवढ्या वेळात काका एकदाच बोलले, “कायले तुम्ही दोघं माह्यासाठी दिवस खराब करून राह्यले?”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना तेव्हाच दवाखान्यात ठेवून घेतलं. आता हा आजार आहे, म्हणाल्या, आणि याला औषध आहे. मी ओशाळून पाच नंबरच्या फलाटाची गोष्ट सांगितली. माझ्यामुळे झालं का हे, असं विचारलं. “असं एका कारणाने होत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही लोकांनी त्यांच्या बाईंचं नाव बंद केलं, आणि ते एकटे पडले. ते उघडा आता.”

गोळ्या लगेच लागू पडत नाहीत हे मला माहीत नव्हतं. पहिले दोन आठवडे मी रोज फोन करायचे आणि रोज “तसेच आहेत” हेच उत्तर यायचं. घरी आणल्यावर गोळ्या मुलाच्या ताब्यात, रात्रंदिवस घरात कोणीतरी जागं. दर आठवड्याला यवतमाळची फेरी, डॉक्टरांशी बोलणं. आधी झोप आली. मग भाकर अर्धी गेली, पुढे अख्खी. मुलगा फोनवर सांगायचा आणि मी विचारायचे, “रडले का?” तो चिडायचा. “ताई, रडवाचं आहे काय तुम्हाले त्यायले?” लाकूड झालेला माणूस रडला तर बरं, हे त्याला पटलं नसतं. दीड-दोन महिन्यांनी तो म्हणाला, “आज बाबा माह्यासंग भांडले, बैलाले पाणी वेळेवर दाखवलं नाही म्हणून.” मी फोन ठेवला आणि पासच्या रांगेसमोरच डोळे पुसले.

काका पुन्हा उद्घोषणेच्या खोलीत आले नाहीत. त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. आता तिथे नवीन यंत्र बसवलं आहे. त्यात एका बाईचा गोड आवाज भरलेला आहे आणि तो कधी चुकत नाही. तांड्याची गाडी मी पुन्हा पुढे लावायला सांगितली. तिचा आता कोणाला उपयोग नाही, तरी सांगितली.

पौषात मी तांड्यावर त्यांना भेटायला गेले. कुठल्या काकांना भेटणार हे ठाऊक नव्हतं. ते अंगणात बसले होते, तुरीच्या हिरव्या शेंगा उकडून टोपल्यात ओतून. “या ताई,” म्हणाले. “मीच उकडल्या. सून वावरात गेली.” आवाजात चढउतार होता, थोडा. आम्ही सोलून खायला लागलो. दुसरी की तिसरी शेंग तोंडात टाकताना काका थांबले.

“मीठ कमी पडलं,” ते म्हणाले. “ती मूठभर टाके. मी ओरडो तिच्यावर, समुद्र आणला काय म्हणून.” आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला, हातातली शेंग गळली आणि ते रडायला लागले. मोठ्याने, छाती हलेपर्यंत. “किती वेळा ओरडलो व तुले, किती वेळा.”

मुलगा गोठ्यातून धावत आला. त्याच्या हातात फोन होता. “ताई, पुन्हा सुरू झालं काय? डॉक्टरले लावू काय?”

“थांब,” मी म्हटलं. “कोणासाठी रडून राहिले ते ऐक आधी.”

तो ऐकत उभा राहिला. शेजारची एक म्हातारी बाई आवाजाने बाहेर आली, काकांच्या बाजूला बसली आणि तिने याडीचं एकेक काम आठवून सुरात रडणं धरलं. काकांनी मध्येच शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि माझ्याकडे टोपलं सरकवलं.

“मी रडून राह्यलो म्हणून उठू नका ताई,” ते म्हणाले. “थंड झाल्या तं चव जाते.”

दोन वर्षं याच आवाजाला मी घाबरत आले होते. मी मूठभर शेंगा घेतल्या, आणि त्यांचं रडून होईस्तोवर तिथेच सोलत बसले.